आठ बाणांचा रिपोर्ट

रक्ताच्या रिपोर्टचा फोटो आला की मी आधी आकडे बघत नाही, कागदाच्या कडा बघते. चारही कोपरे दिसतात का, नावाखालचं वय आणि स्त्री की पुरुष हे वाचता येतं का, तारीख कुठली, आणि उजवीकडचा रकाना फोटोत आलाय की कापला गेलाय. त्या रकान्यात एकक आणि संदर्भ-मर्यादा छापलेल्या असतात. त्या नसतील तर मी काहीच सांगत नाही, दुसरा फोटो मागते.

मी खानापूरला एका लहानशा लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. आमच्या भागात रिपोर्ट छापून येतो इंग्रजीत, दवाखान्यातली चिठ्ठी कधी इंग्रजीत तर कधी कन्नडमध्ये, आणि घरात बोलतात मराठी. रिपोर्ट संध्याकाळी हातात पडतो आणि डॉक्टर भेटतात दुसऱ्या दिवशी. मधल्या रात्री लोक ठळक छापलेले आकडे आणि त्यांच्यापुढचे बाण बघत बसतात. नात्यातले, ओळखीतले मग मला फोटो पाठवतात. मी डॉक्टर नाही. कागदावर काय लिहिलंय ते मला नीट वाचता येतं, आणि ते कशामुळे झालं हे सांगणं माझ्या हातात नाही. या दोन गोष्टींमधली रेघ प्रत्यक्षात कशी सांभाळावी लागते, ते एका रिपोर्टवरून सांगते. संबंधितांना विचारूनच लिहिते आहे.

शेजारच्या वहिनींचा भाचा बेळगावला उद्यमबागेत कामाला जातो. गाव नंदगडच्या बाजूचं. त्याच्या बायकोचा रिपोर्ट होता, वय ३४. रात्री फोटो आला आणि पाठोपाठ त्याचा आवाज: "काकू, रिपोर्ट पाठवलोय बघा की. आठ ठिकाणी बाण आलेत. एवढं सगळं एकदम बिघडतंय होय? कॅन्सर-बिन्सर काय नसंल न्हवं?"

फोटो वाईट होता. कागदाची घडी घालून खिशात ठेवलेली, त्यामुळे मधोमध एक आडवी चुणी, आणि वरून ट्यूबलाइटची चमक. चुणी नेमकी लाल पेशींच्या संख्येवर आली होती, ४ पूर्णांक पुढचा आकडा ६ की ८ कळत नव्हतं. शिवाय खाली '२ पैकी पान १' असं छापलेलं, म्हणजे दुसरं पान आलंच नव्हतं. मी त्याला सांगितलं, कागद जमिनीवर सपाट ठेव, दिवा बाजूला येऊ दे, मोबाईल बरोबर वरून धर, आणि पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवला की मोबाईल तो दाबून लहान करतो आणि सगळ्यात आधी दशांश-चिन्हाचा ठिपका जातो. ९.६ चं ९६ झालं तर कुणालाही संशय येईल, पण प्लेटलेटच्या ४.६२ मधला ठिपका गेला की राहतात ४६२, आणि काही लॅब प्लेटलेट हजारांत छापतात, तिथे ४६२ हा खरोखरच बरोबर आकडा असतो. म्हणून एकक दिसल्याशिवाय प्लेटलेटबद्दल मी बोलत नाही.

दुसरा फोटो येईपर्यंत चुणीखालचा आकडा मी हिशेबाने काढून पाहिला. या तपासणीतले काही आकडे यंत्र मोजतं आणि काही त्याच आकड्यांवरून गणिताने काढलेले असतात. पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींनी व्यापलेला टक्का, होता ३१.३. एमसीव्ही, म्हणजे एका लाल पेशीचं सरासरी आकारमान, होतं ६८. पीसीव्हीला दहाने गुणून एमसीव्हीने भागलं की लाल पेशींची संख्या येते: ३१३ भागिले ६८, म्हणजे ४.६. नव्या फोटोत ४.६च निघाला. हा हिशेब मी फक्त स्वतःच्या खात्रीसाठी करते. अंदाजाने काढलेला आकडा समोरच्याला कधी सांगत नाही.

तर रिपोर्ट असा होता. हिमोग्लोबिन ९.६, मर्यादा १२ ते १५. पीसीव्ही ३१.३, मर्यादा ३६ ते ४६. एमसीव्ही ६८, मर्यादा ८३ ते १०१. एमसीएच २०.९ आणि एमसीएचसी ३०.७, दोन्ही खाली. आरडीडब्ल्यू १७.८, मर्यादा १४ पर्यंत, म्हणजे वर. प्लेटलेट ४.६२ लाख, मर्यादा ४.५ पर्यंत, म्हणजे जरा वर. आणि पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट ४२ टक्के, मर्यादा ४० पर्यंत. पांढऱ्या पेशी एकूण ६,८०० म्हणजे मर्यादेत, आणि लाल पेशींची संख्या ४.६ तीही मर्यादेत.

आठ बाण म्हणजे आठ बिघाड नव्हेत, हे पहिलं सांगावं लागतं. या आठांतले पहिले सहा एकाच गोष्टीकडे सहा बाजूंनी बघतात. हिमोग्लोबिन म्हणजे लाल पेशींतला रंग, तोच प्राणवायू वाहून नेतो. एमसीएच म्हणजे एका पेशीत तो रंग सरासरी किती, आणि एमसीएचसी म्हणजे पेशीच्या आकाराच्या मानाने किती दाट. पेशी लहान असतील तर प्रत्येकीत रंग कमी मावणार, त्यांनी व्यापलेली जागाही कमी भरणार, आणि एकूण हिमोग्लोबिन खाली येणार. एक हललं की बाकीचे हलतात, कारण त्यातले काही एकमेकांवरूनच काढलेले आहेत. आपल्याकडे सरसकट "रक्त कमी हाय" म्हणतात, पण इथे लाल पेशींची संख्या कमी नव्हती. पेशी पुरेशा होत्या. त्या लहान होत्या आणि त्यांच्यात रंग कमी होता.

आरडीडब्ल्यू समजावायला मी सुपातल्या तांदळाचा दाखला देते. आपल्या बेळगाव बासमतीत सगळे दाणे अख्खे असले तर सूप एकसारखं दिसतं, कणी मिसळलेली असली तर लहानमोठं दिसतं. आरडीडब्ल्यू म्हणजे पेशी किती लहानमोठ्या आहेत त्याचं माप. वर गेलं म्हणजे सगळ्या पेशी एका मापाच्या नाहीत. तो आकडा एवढंच सांगतो.

लिम्फोसाइटच्या बाणाने तो सगळ्यात जास्त घाबरला होता, कारण तो शब्द मोबाईलवर शोधला की रक्ताच्या कॅन्सरची पानं उघडतात. इथे टक्केवारीने डोळे फसतात. पांढऱ्या पेशींचे प्रकार मिळून शंभर टक्के होतात, म्हणून एक प्रकार जरा कमी भरला की दुसरा आपोआप जास्त दिसतो. खरी संख्या काढायची तर ६,८०० चे ४२ टक्के, म्हणजे सुमारे २,८५०. मोठ्या माणसात साधारण एक ते तीन हजार ही मर्यादा असते. म्हणजे टक्क्यावर बाण होता, पण संख्या मर्यादेत होती, आणि तीच संख्या रिपोर्टात चार ओळी खाली बाणाशिवाय छापलेली होती.

मर्यादा म्हणजे काय, हेही त्याला सांगितलं. निरोगी माणसांचं रक्त तपासून मधल्या पंचाण्णव टक्क्यांचे आकडे जिथे पडतात ती मर्यादा धरतात. म्हणजे शंभरातली पाच धडधाकट माणसं कुठल्याही एका तपासणीत मर्यादेच्या जरा बाहेर असणारच. एका कागदावर वीसेक आकडे असले की एखादा बाण काहीही नसताना येऊ शकतो. पण ही सूट ४० च्या जागी ४२ ला लागते. ८३ च्या जागी ६८ ला लागत नाही. आकडा मर्यादेपासून किती लांब आहे आणि त्याच्या नात्यातले बाकीचे आकडे त्याच दिशेला आहेत का, हे दोन्ही बघावं लागतं. म्हणूनच मी "काय न्हाई, झोप निवांत" असंही म्हटलं नाही. कारण सांगणं जसं माझं काम नाही, तसं काहीच नाही असा निर्वाळा देणंही माझं काम नाही. निर्वाळा हेसुद्धा निदानच आहे, आणि जास्त धोक्याचं, कारण तो ऐकून माणूस दवाखान्यात जायचं टाळतो.

पुढचं बोलणं मला तिच्याशीच करायचं होतं. रिपोर्ट तिचा होता, आणि पाळीचं, दिवस गेलेत का याचं नवऱ्यामार्फत विचारायचं म्हणजे अर्धं उत्तर मिळणार. शिवाय फोटो मला पाठवलाय हे तिला ठाऊक आहे का, तेही विचारायचं होतं. ठाऊक होतं. ती काजूच्या कारखान्यात जाते. म्हणाली, "काकू, चढ चढला की धाप लागत्याय. पन ते उन्हानं आसंल म्हणून सोडलो." दिवस गेलेले नव्हते. हे विचारावं लागतं, कारण गरोदर बाईला हिमोग्लोबिनची मर्यादा बारा नसून अकरा धरतात आणि लॅबचं यंत्र ते जाणत नाही, बाण छापून मोकळं होतं. लहान मुलांचंही तेच. वाढत्या वयाच्या मुलाच्या रिपोर्टात अल्कलाइन फॉस्फटेजपुढे वरचा बाण येतो, कारण मर्यादा मोठ्या माणसाची छापलेली असते आणि मुलाची हाडं वाढत असतात. आईबाप लिव्हर बिघडलं म्हणून रात्र काढतात.

मग तिने तो प्रश्न विचारला जो प्रत्येक जण शेवटी विचारतोच: "पन मला झालंय काय, ते सांगा की."

इथे मन ओढ घेतं. लहान पेशी, फिका रंग, वाढलेलं आरडीडब्ल्यू, प्लेटलेट जरा वर, वय ३४, बाई. हे बघून कुणीही म्हणेल लोह कमी. एमसीव्हीला लाल पेशींच्या संख्येने भागायचा एक ठोकताळाही आहे. भागाकार तेराच्या वर आला तर कल लोहाच्या कमतरतेकडे, खाली आला तर थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचं वाहक असण्याकडे. मी तो मनात केला, १४.८ आला. तिला सांगितला नाही. हा ठोकताळा डॉक्टरांना पुढची तपासणी निवडायला मदत म्हणून आहे आणि तो बऱ्याचदा चुकतो. एकाच माणसात दोन्ही गोष्टी असू शकतात, आणि जुन्या आजारातही पेशी लहान होतात. आणि समजा लोहच कमी असलं, तरी ते का कमी हे उरतंच. पाळीत जास्त जातंय, खाण्यात येत नाही, जंत आहेत, की पोटात कुठे हळूहळू रक्त झिरपतंय, हे रिपोर्ट सांगत नाही. मी "लोह कमी" म्हटलं असतं तर उद्या सकाळी नंदगडच्या मेडिकलमधून गोळ्या आल्या असत्या आणि डॉक्टर राहिले असते. गोळ्या आधी चालू केल्या की लोहाची तपासणी पुढे नीट वाचता येत नाही, आणि नुसत्या वाहक असणाऱ्याला त्या गोळ्यांचा उपयोगही नसतो.

म्हणून मी वाक्याची सुरुवात नेहमी "रिपोर्टात असं दिसतंय" अशी करते, "तुला असं झालंय" अशी कधी नाही. बोलून झाल्यावर तेच लिहूनही पाठवते, कारण ऐकलेलं घरातल्या चार तोंडांतून जाताना बदलतं. तिला पाठवलेला निरोप असा होता:

"तुझ्या रिपोर्टात लाल पेशी संख्येने पुरेशा आहेत, पण आकाराने लहान आहेत आणि त्यांच्यात हिमोग्लोबिन कमी आहे. हिमोग्लोबिन ९.६ आहे, बाईमाणसाला १२ च्या वर हवं. आठांतले सहा बाण याच एका गोष्टीचे आहेत. प्लेटलेट थोड्या वर आहेत, मर्यादेच्या अगदी जवळ. लिम्फोसाइटचा टक्का वर दिसतो पण संख्या मर्यादेत आहे. हे कशामुळे झालं ते या कागदावरून कळत नाही, त्याची कारणं बरीच असतात आणि ती शोधायला डॉक्टर आणखी तपासणी सांगतील. ९.६ हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, उद्याच दाखव. तोवर दुकानातून गोळ्या आणून चालू करू नको. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस, शी डांबरासारखी काळी झाली किंवा पाळीत तासातासाला पॅड भिजायला लागलं तर उद्याची वाट बघू नको, रात्रीच दवाखान्यात जा."

दुसरं पान मी मागवलं होतं ते त्या सुमारास आलं. त्यावर काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याचा अहवाल होता: पेशी लहान आणि फिकट, अपक्व पेशी दिसल्या नाहीत. यंत्राचे आकडे आणि माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं इथे जुळत होतं. नवऱ्याच्या कॅन्सरच्या प्रश्नाला मला स्वतःहून "नाही" म्हणता आलं नसतं, पण कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवता आलं, आणि हेच वाक्य डॉक्टरांना दाखवून तोच प्रश्न विचार, असं सांगता आलं. लोक बहुतेक वेळा हे पान पाठवतच नाहीत, कारण त्यावर बाण नसतात.

डॉक्टरांकडे काय न्यायचं तेही तिला लिहून दिलं. दोन्ही पानं कागदावरच, मोबाईलमध्ये नाही. याआधीचा एखादा रिपोर्ट, अगदी बाळंतपणातला असला तरी, कारण एमसीव्ही तेव्हाही ७० च्या आसपास होतं की आता उतरलंय, हे डॉक्टरांना फार उपयोगी पडतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, दुखण्यावरच्यासुद्धा, कारण त्यातल्या काहींनी पोटात रक्त जाऊ शकतं. पाळी किती दिवस असते आणि किती जाते. घरात कुणाला रक्ताचा आजार आहे का. आणि धाप लागते हे ऊन म्हणून सोडू नकोस, सांग.

दुसऱ्या दिवशी ती खानापूरला दाखवून आली. डॉक्टरांनी पाळीबद्दल बराच वेळ विचारलं, फेरिटिन ही लोहाच्या साठ्याची तपासणी आणि शौचाची तपासणी सांगितली. फेरिटिन ६ आलं, म्हणजे साठा तळाला. निदान त्यांनी केलं, गोळ्या त्यांनी लिहिल्या, पाळीसाठी बेळगावच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्यांनी पाठवलं. चार आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायला सांगितलं.

चार आठवड्यांनी फोटो आला, या वेळी सपाट, दोन्ही पानं, ठिपके स्पष्ट. आणि पाठोपाठ भाच्याचा घाबरा आवाज: "काकू, गोळ्या घेऊनबी वाढलंय हे! पयलं १७.८ होतं, आता २२ झालंय बघा!"

तो आरडीडब्ल्यूचा बाण बघत होता. मी त्याला हिमोग्लोबिनची ओळ वाचायला लावली: ११.१. एमसीव्ही ७४. दोन्ही अजून मर्यादेच्या खाली, बाण तसेच, पण दोन्ही वर सरकलेले. आरडीडब्ल्यू वाढण्याचं कारण असं, की लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. चार आठवड्यांत जुन्या लहान पेशी अजून रक्तात असतातच, आणि लोह मिळू लागल्यावर तयार झालेल्या नव्या, पुऱ्या मापाच्या पेशी त्यांच्यात येऊन मिसळतात. कणी संपलेली नसते आणि अख्खा दाणा यायला लागलेला असतो, म्हणून लहानमोठेपणा आधीपेक्षा जास्त भरतो. जुन्या पेशी निघून गेल्या की हा आकडा हळूहळू उतरतो. उपचार चालू असताना हे दिसतं हे पुस्तकात आहे. तिच्या बाबतीत हेच चाललंय का, हे डॉक्टरांनी ठरवायचं. त्याला मी एवढंच सांगितलं, की बाण मोठा झाला म्हणून गोळ्या थांबवायच्या नाहीत, दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवायचे, आणि हा २२ चा प्रश्न त्यांनाच विचारायचा.

फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "ते लिम्फोसाइट कुठं गेलं? आता बाण न्हाई त्याला." टक्का ३७ आला होता. त्याच्यासाठी कुणी काही केलं नव्हतं.